जंपसूट किंवा डंगरी घेण्यापूर्वीची तयारी: आधी धडाचे माप

गेल्या वेळी छाती, कंबर आणि नितंब ही तिन्ही मापे तक्त्याशी तंतोतंत जुळली होती, तरीही तो रेयॉनचा जंपसूट घालून मी खुर्चीवर बसताच खांदे खाली ओढले गेले आणि आसनाची शिवण मांड्यांमध्ये रुतली, कारण धडाचे माप मी घेतलेच नव्हते. छाती-कंबर मोजावी, त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

धडाचे माप म्हणजे एका खांद्याच्या मध्यापासून निघून, छातीच्या उंचवट्यावरून, दोन्ही पायांमधून, पाठीवरून पुन्हा त्याच बिंदूला येणारा पूर्ण फेरा. शिंप्याची नेहमीची टेप ६० इंचांची असते आणि हा फेरा अनेकदा त्याहून मोठा भरतो, म्हणून नाडी फिरवून खूण करावी आणि मग ती नाडी मोजावी. ही मदत दुसऱ्या कोणाकडून घ्यावी, कारण स्वतः वाकून घेतलेले माप चुकते. उंचीवरून अंदाज बांधू नये. माझी बहीण माझ्याएवढीच उंच आहे, पण तिची उंची पायांत आहे आणि माझी धडात, त्यामुळे तोच जंपसूट तिला व्यवस्थित बसला.

त्यानंतर कपडा सपाट पसरून खांद्याच्या शिवणीपासून आसनापर्यंत पुढून आणि मागून मोजावे आणि दोन्ही आकड्यांची बेरीज करावी. माझा फेरा ६१ इंच होता आणि त्या जंपसुटाची बेरीज २९.५ अधिक ३१, म्हणजे ६०.५ इंच. न ताणणाऱ्या कापडात बसण्या-वाकण्यासाठी फेऱ्याहून किमान २ ते ३ इंच जास्त लागतात, म्हणजे मला ६३ तरी हवे होते. विक्रेत्याने ही बेरीज दिली नसेल तर विचारून घ्यावी, आणि उत्तर आले नाही तर तो कपडा घेऊ नये. एक आकार मोठा घेऊन हे सुटेल असे समजू नये. त्याने कंबर ढगळ होते, धडाची लांबी मात्र त्या मानाने थोडीच वाढते. पुन्हा सांगते, आधी धडाचा फेरा मोजावा.

कापड सुती किंवा रेयॉनचे असेल तर आटण्याचाही हिशेब करावा, कारण ६४ इंचांवर ३ टक्के म्हणजे जवळजवळ २ इंच, आणि ठेवलेला बहुतेक सैलपणा पहिल्याच धुण्यात जाऊ शकतो.

डंगरीत पट्टे सैल करून काही इंच मिळतात, परंतु पट्टे शेवटच्या काजावर आणूनच ती बसत असेल तर धुतल्यावर बसणार नाही.

कमरेला शिवण असेल तर शिंपी तिथे दीड इंचाची पट्टी जोडून फेऱ्यात ३ इंच वाढवू शकतो. शिवण नसेल तर हा मार्ग बंद.

पायाची लांबी, खिसे, चेन नेहमीप्रमाणे पाहावे. लेबल काढण्याआधी खुर्चीवर बसावे, हात वर करावेत, खाली वाकावे. नाडीवरचा आकडा मोबाईलमध्ये लिहून ठेवावा.