पहिल्या ओळीत हिशेब बरोबर, खाली ओढला की शून्य?

इंदूरच्या आमच्या सोसायटीत दिवाळीची शेव एकत्र मागवतात. त्याच्या एक्सेल शीटमध्ये B कॉलमात प्रत्येकाचे किलो, E1 मध्ये भाव. C2 मध्ये `=B2*E1` बरोबर येतं, पण खाली ओढलं की C3 मध्ये `=B3*E2` होतं. E2 रिकामं, म्हणून शून्य. तिथे दुसरा आकडा असेल तर जास्त वाईट, कारण चुकीची रक्कमही खरी वाटते.

1. C2 वर F2 दाबा, कर्सर E1 वर न्या.
2. F4 दाबा (काही लॅपटॉपवर Fn+F4).

```
=B2*$E$1
```

3. एंटर दाबून पुन्हा खाली ओढा.

शेवटच्या ओळीत F2 दाबून पाहा: रंगीत चौकट E1 वरच हवी. B2 ला मात्र डॉलर लावू नका, नाहीतर सगळ्यांना पहिल्याच घराचं बिल जाईल.