बाण कुठे टेकलाय ते आधी बघा

आयटीआय टर्नर करून भोसरीतल्या एका छोट्या शॉपमध्ये लागलो, त्याला जेमतेम चार महिने झाले होते. सीएनसी लेथवर एका पिनचे ६४ नग मी एकट्याने सेटिंग करून काढले आणि खुशीत क्वालिटीच्या टेबलवर ठेवले. क्वालिटीच्या काकांनी एक पिन उचलली, लिव्हरमध्ये घातली, पिनच्या खाचेत सर्क्लिप, म्हणजे लिव्हर बाहेर सरकू न देणारी स्प्रिंगची कडी, बसवली आणि लिव्हर बोटाने पुढेमागे ढकलला. तो खडखड वाजला. पाव मिलिमीटर हलायला हवा होता, तो दीड मिलिमीटर हलत होता.

"किती ठेवलंस?"
"एकेचाळीस पॉइंट चार. प्रत्येक पीस मोजलाय काका."
"कुठून कुठपर्यंत?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आकडा माझ्या तोंडपाठ होता, पण तो कोणत्या दोन जागांमधला आहे हे मी कधी नीट बघितलंच नव्हतं. नव्याने शॉपमध्ये येणाऱ्या मुलांना मी आजही हीच पिन दाखवतो, कारण ड्रॉइंग वाचताना जे काही चुकतं त्यातलं बरंचसं या एका कागदावर सापडतं.

पिन अगदी साधी. डावीकडे ३६ व्यासाची, ८ जाडीची कॉलर. तिच्यापुढे २५ व्यासाची सरळ दांडी. एकूण लांबी ५५. दांडीच्या उजव्या टोकाजवळ सर्क्लिपसाठी १.३ रुंदीची खाच, खाचेत व्यास २३.९. ४० रुंदीचा लिव्हर दांडीवर चढतो, एका बाजूने कॉलर त्याला अडवते आणि दुसऱ्या बाजूने सर्क्लिप. म्हणजे या पिनमधलं सगळ्यात कामाचं लांबीचं माप एकच: कॉलरच्या आतल्या फेसपासून, म्हणजे शोल्डरपासून, सर्क्लिप जिथे टेकते तिथपर्यंतचं. ड्रॉइंगवर ते ४१.४ लिहिलेलं, पुढे बारीक अक्षरात वर +०.१ आणि खाली ०.

आता रेषा. जॉबची कड जाड रेषेने काढलेली असते. त्या कडेतून बाहेर येणाऱ्या बारीक रेषा म्हणजे एक्स्टेन्शन लाइन. दोन एक्स्टेन्शन लाइनच्या मध्ये, दोन्ही टोकांना बाण असलेली बारीक रेषा म्हणजे डायमेन्शन लाइन, आणि आकडा तिच्यावर. नवखा माणूस आधी आकडा वाचतो. आकडा सगळ्यात शेवटी वाचायचा. आधी बाणाच्या टोकावर बोट ठेवायचं, तिथून एक्स्टेन्शन लाइन धरून उलटं जॉबपर्यंत यायचं आणि ती कोणत्या फेसवर येऊन थांबते ते बघायचं. मग दुसऱ्या बाणाचं तसंच. दोन्ही फेस कळले की मग आकडा.

माझी चूक दुसऱ्या बाणाला झाली. खाच १.३ रुंद, त्यामुळे तिच्या दोन भिंतींच्या दोन एक्स्टेन्शन लाइन कागदावर जवळजवळ चिकटलेल्या. त्यात १.३ हा आकडा मध्ये मावत नाही, म्हणून त्याचे बाण बाहेरून आत बघणारे. ४१.४ चा बाण त्याच गर्दीत येऊन टेकलेला. वरून आमच्या हातात झेरॉक्सची झेरॉक्स. मला तो बाण खाचेच्या अलीकडच्या, कॉलरकडच्या भिंतीवर वाटला. होता पलीकडच्या, टोकाकडच्या भिंतीवर.

लिव्हर कसा बसतो हे डोक्यात असतं तर ड्रॉइंग पुसट असूनही चुकलो नसतो. लिव्हर बाहेर सरकायला बघतो तेव्हा तो सर्क्लिपला ढकलतो आणि सर्क्लिप जाऊन खाचेच्या पलीकडच्या भिंतीला टेकते. लिव्हर ४०, सर्क्लिप १.२, मिळून ४१.२. माप ४१.४ ते ४१.५. म्हणजे ढिलाई ०.२ ते ०.३. हिशोब जुळतो. अलीकडच्या भिंतीपर्यंत ४१.४ धरलं तर पलीकडची भिंत जाते ४२.७ वर आणि पार्ट खुळखुळतो.

प्रोग्रॅममध्ये हीच चूक कशी उतरली तेही सांगतो, कारण ते बहुतेकांना होतं. झीरो मी दांडीच्या मोकळ्या टोकाच्या फेसवर घेतला होता, त्यामुळे शोल्डर ४७ वर. ४१.४ ते ४१.५ च्या मध्यावर, ४१.४५ वर, भिंत हवी. सत्तेचाळीसमधून वजा केले, उरले ५.५५. खाच कापणारं ग्रूव्हिंग टूल १.३ रुंदीचं आणि मशीनला त्याची जागा सांगणारा ऑफसेट मी चककडच्या, म्हणजे कॉलरकडच्या, कोपऱ्याने घेतलेला. तो कोपरा खाचेची अलीकडची भिंत कापतो. पलीकडची भिंत ५.५५ वर हवी असेल तर या कोपऱ्याला आणखी १.३ आत जायला हवं.

```
X27 Z-5.55   (मी लिहिलेलं)
X27 Z-6.85   (हवं होतं)
```

म्हणून कधी लांबीतली चूक बरोबर टूलच्या रुंदीएवढी आली, तर मशीनला दोष देऊ नका. टूलचा कोपरा किंवा खाचेची भिंत, दोन्हीपैकी एक उलटं धरलं गेलंय.

आणि मी प्रत्येक पीस मोजला होता हे खरंच होतं. पण ज्याने ड्रॉइंग चुकीचं वाचलं तोच मोजतानाही चुकीच्याच भिंतीपर्यंत मोजणार! व्हर्नियरची डेप्थची काडी शोल्डरवर टेकवून अलीकडच्या कडेपर्यंत माप घेतलं की ४१.४५ यायचं आणि मी खूश. बरोबर पीसवर तिथे ४०.१५ च्या आसपास यायला हवं होतं. पहिला पीस दुसऱ्या माणसाने, स्वतः ड्रॉइंग वाचून, पास करायचा असतो तो याचसाठी. आमच्याकडे तो नियम होता, त्या दिवशी घाई होती. खरं माप घ्यायचं तर व्हर्नियरच्या वरच्या, आतल्या जबड्यांनी: एक जबडा शोल्डरला, दुसरा खाचेच्या पलीकडच्या भिंतीला, कारण हे दोन फेस एकमेकांकडे तोंड करून आहेत. खाच एका बाजूने जेमतेम अर्धा मिलिमीटर खोल, जबडा निसटतो. म्हणून काका पहिला पीस प्रोफाइल प्रोजेक्टरवर लावून मोठ्या केलेल्या सावलीवर मोजायचे. ६४ नग भंगारात गेले. खाच पुढे गेली की मागे आणता येत नाही.

त्याच कागदावर आणखी एक गोष्ट होती, जी मला तेव्हा राहून गेलेली वाटायची. खाचेपासून टोकापर्यंतचं माप दिलेलंच नव्हतं. ५५ आहे, ८ आहे, ४१.४ आहे, मग उरलेलं ५.६ का नाही? ते मुद्दाम सोडलेलं असतं. ५५ आणि ८ वर वेगळा टॉलरन्स, म्हणजे किती कमीजास्त चालेल ते, लिहिलेला नाही, म्हणून खाली टायटल ब्लॉकमध्ये बघायचं. तिथे आयएसओ २७६८-एम, म्हणजे सर्वसाधारण टॉलरन्सचा तक्ता, लिहिलेला होता. त्या तक्त्यात ६ ते ३० च्या लांबीला ±०.२ आणि ३० ते १२० ला ±०.३. म्हणजे सगळी मापं आपापल्या हद्दीत असूनही टोकाचा तुकडा ५.० ते ६.१ काहीही येऊ शकतो, आणि त्याने कोणाचं काही बिघडत नाही. सगळी कमीजास्ती त्या तुकड्यात जाऊन पडते. तिथेही माप दिलं असतं तर चारही मापं एकाच वेळी सांभाळताना आपण वेडे झालो असतो. कधी असं माप कंसात लिहितात, (५.६) असं. ते फक्त माहितीसाठी, त्यावर पीस रिजेक्ट करायचा नाही.

यातून सेटिंगचाही निर्णय निघतो. शोल्डर आणि खाच एकाच पकडीत कापली तर ४१.४ सहज सांभाळलं जातं. मध्ये पीस उलटा केला किंवा खाचेसाठी टोकाला स्टॉपर लावून पुन्हा पकडला, तर ५५ चा आणि ८ चा फरक त्या ०.१ मध्ये घुसतो आणि मग कितीही चांगलं मशीन असलं तरी माप हलत राहतं.

राहिला व्यास. ड्रॉइंगवर Ø25 g6 लिहिलं होतं, खाली बारीक -०.००७ आणि -०.०२०. सुरुवातीला मी २५ लिहिलंय म्हणून पिन २५.००० ला आणायला बघायचो. पण दोन्ही आकडे वजा आहेत, म्हणजे २५.००० हे माप हद्दीतच नाही! पिन २४.९८० ते २४.९९३ मध्ये हवी. छोटं अक्षर बाहेरच्या व्यासाला, मोठं भोकाला. लिव्हरचं भोक एच-सेव्हन, म्हणजे २५.००० ते २५.०२१. दोन्ही जुळवले की पिन भोकात कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त ४१ मायक्रॉन सैल बसते, फिरते पण डगमगत नाही. २५ हा नुसता दोघांचा ठरलेला पत्ता आहे, तिथून किती लांब राहायचं ते बारीक आकडे सांगतात.

हद्द १३ मायक्रॉनची. ०.०२ लीस्ट काउंटच्या व्हर्नियरने ही मोजायला जाऊच नका. ०.००१ वाचणारा मायक्रोमीटर हवा, आणि पीस थंड हवा. मशीनमधून काढल्या काढल्या मी एकदा २४.९८३ वाचलं, पास म्हणून ठेवलं. चहा पिऊन आल्यावर तोच पीस २४.९७७. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण ११.५ मायक्रॉन फुगतं. २५ च्या व्यासाला, २० अंश जास्त गरम असताना, जवळपास ६ मायक्रॉन. १३ पैकी ६ नुसत्या उष्णतेने खाल्ले. म्हणून मी ऑफसेट २४.९८७ च्या आसपास ठेवतो, पहिले दोन पीस सरफेस प्लेटवर निववतो आणि मगच पुढचे सोडतो. हद्दीच्या वरच्या बाजूला राहिलो तर पीस मोठा असतो, पुन्हा एक हलका कट मारता येतो. भोकाला उलटं: तिथे छोटं राहायचं.

खाचेच्या २३.९ ला मात्र ० आणि -०.२१ दिलंय. तिथे मायक्रोमीटर घेऊन दहा मिनिटं घालवणारी मुलं मी पाहिली आहेत. तिथे व्हर्नियर लावा, पुढे चला.