ऑफिसच्या वेळा विभागताय? या चुका टाळा

बहुतेक ऑफिसं वेळा विभागतात म्हणजे काय करतात, तर साडेनऊ, दहा आणि साडेदहा अशा तीन बॅचेस पाडतात. मग महिनाभराने विचारतात, लोकलची गर्दी का कमी वाटत नाही? अहो, फोर्टात साडेनऊला बसायचं तर डोंबिवलीकर आठच्या आसपासची फास्ट धरतो आणि साडेदहाला बसायचं तर नऊची. दोन्ही लोकल ऐन गर्दीतल्या. दाराला लटकणारे तेच, फक्त लोकल बदलली. मध्य रेल्वेने २०२३ मध्ये सीएसएमटीतल्या आपल्या कर्मचाऱ्यांसाठी साडेनऊ आणि साडेअकरा अशा दोन वेळा ठेवल्या. अंतर निदान इतकं तरी हवं. मी तीन तास ठेवतो: एक बॅच ८ ते साडेचार, दुसरी ११ ते साडेसात. वेळ ठरवताना ऑफिसचं घड्याळ बघू नका, माणूस कुठल्या स्टेशनावरून किती वाजताची गाडी धरतो ते विचारा. अंधेरीचा आणि विरारचा एकाच बॅचमध्ये कोंबू नका.

दुसरी चूक मला स्वतःला भोवलेली. लोअर परळच्या एका ऑफिसात मी अशाच दोन बॅचेस लावल्या, सगळे खूश. तिसऱ्या आठवड्यात अकराची मंडळी दहाला हजर! चौकशी केली तर साहेबांचा दहाचा रिव्ह्यू जागचा हलला नव्हता. संध्याकाळीही तेच. आठला आलेल्या एका ताई चारला बॅग भरायच्या आणि पाचच्या कॉलसाठी परत बसायच्या. 'सर, आता साडेसहाची बदलापूरच मिळते, मग लवकर उठून काय मिळवलं?' उत्तर नव्हतं माझ्याकडे.

तेव्हापासून मी आधी मीटिंगांची खिडकी आखतो, वेळा नंतर. दोन्ही बॅचेस एकत्र असतात ११ ते साडेचार. उशिराच्यांना टेकायला अर्धा तास, मधे जेवण, लवकरच्यांना आवरायला शेवटचा तास. उरतं साडेअकरा ते एक आणि दोन ते साडेतीन. तीन तास. त्यात मावत नसेल तर मीटिंगा जास्त आहेत, वेळा चुकीच्या नाहीत. हे ऐकून एका मॅनेजरने महिना माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

दर आठवड्याला बॅच बदलू नका, लोकांचे डबे आणि शाळेच्या बस ठरलेल्या असतात. कँटीन लवकर उघडा, आठला आलेल्याला बाराला भूक लागते. साडेसातला सुटणारी बॅच कुणावर लादू नका, कल्याणच्या पुढे जाणाऱ्या बाईला घरी पोचेपर्यंत दहा वाजतात.

आणि पंचिंग मशीनमधली जुनी वेळ आधी बदला. माझ्याकडून ती राहिली होती. पहिल्याच दिवशी अकराच्या अख्ख्या बॅचला लेट मार्क लागला.