शेअर आणि बॉण्ड: कंपनी बुडाल्यावर महागात पडणाऱ्या चुका

‘कंपनीला आता मोठा मालक मिळतोय, म्हणजे शेअर वर जाणार.’ डीएचएफएल या घरकर्ज देणाऱ्या कंपनीच्या बाबतीत हा हिशेब करून अनेकांनी पैसे घालवले, आणि आजही दिवाळखोरीतल्या कंपन्यांचे शेअर याच आशेवर घेतले जातात. मला ही सगळ्यात वाईट चूक वाटते, कारण ती आधीच दिसत असते.

डीएचएफएलचं प्रकरण नीट बघा. नोव्हेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने कंपनीचं संचालक मंडळ बरखास्त केलं आणि प्रकरण दिवाळखोरी न्यायाधिकरणाकडे गेलं. देणी सुमारे ८७,००० कोटींची होती आणि पिरामल समूहाने कंपनी ३४,२५० कोटींत घेतली. म्हणजे ज्यांनी कर्ज दिलं होतं त्यांचेच पैसे पूर्ण फिटत नव्हते. मग शेअरवाल्यांना काय उरणार? जून २०२१ मध्ये योजना मंजूर झाली आणि जुने शेअर शून्य किमतीला रद्द झाले. त्याच महिन्यापर्यंत ते बाजारात विकले जात होते.

समजा एकाने २० रुपयांचे ५०० शेअर घेतले आणि दुसऱ्याकडे हजार रुपयांचे दहा डिबेंचर, म्हणजे कंपनीचे बॉण्ड, होते. दोघांचेही दहा हजार. शेअरवाल्याच्या हाती काहीच आलं नाही. डिबेंचरवाल्याला नुकसान सोसूनही काही वाटा मिळाला, कारण तो कंपनीचा धनको होता. शेअरवाला मालक. देणी भागवून जे उरेल ते मालकाचं. म्हणून नफ्याच्या वर्षात त्याच्या वाट्याला मर्यादा नसते, पण लाभांश नाही दिला तर तो दादही मागू शकत नाही. बॉण्डचं व्याज मात्र चुकलं की कंपनी थकबाकीदार ठरते.

दुसरी चूक म्हणजे आपण नक्की काय घेतलंय हे न बघणं. डीमॅटच्या विवरणात प्रत्येक रोख्यापुढे आयएसआयएन हा बारा अक्षरांचा ओळख क्रमांक असतो. त्यातलं आठवं-नववं अक्षर वाचा. रिलायन्सच्या शेअरचा क्रमांक INE002A01018 आहे, त्यातलं 01 म्हणजे शेअर. तिथे 07 दिसलं तर ते डिबेंचर.

आणि ‘बॉण्ड’ हा शब्द ऐकून निश्चिंत होऊ नका. मार्च २०२० मध्ये येस बँक वाचवताना तिचे ८,४१५ कोटींचे एटी-१ बॉण्ड पूर्ण पुसले गेले, शेअर मात्र राहिले. वाद पुढे कोर्टात गेला. या बॉण्डना मुदत नसते, आणि बँक अडचणीत आली तर ते पुसून टाकण्याची अट माहितीपत्रकातच असते. व्याज नेहमीच्या बॉण्डपेक्षा जास्त दिसलं, की आधी माहितीपत्रकातली मुदत आणि ही अट शोधा. सही त्यानंतर.