घरातल्या अँटेनावर चित्राचे चौकोन होत असतील तर

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये मॅनहॅटनच्या उंच इमारतींवरून येणारी चॅनेल्स फुकट दिसतात, पण मध्येच चित्राचे चौकोन पडतात आणि आवाज तुटतो. डिजिटल सिग्नल हळूहळू पुसट होत नाही. गुणवत्ता एका मर्यादेखाली गेली की चित्र एकदम फुटते.

म्हणून आधी टीव्हीच्या सेटिंगमधला सिग्नल मीटर उघडा आणि सगळ्यात जास्त फुटणारे चॅनेल लावा. ताकद भरपूर पण गुणवत्ता कमी दिसत असेल, तर बहुधा भिंतींवर आपटून आलेले सिग्नल एकमेकांत मिसळत आहेत किंवा जवळच्या उपकरणाचा अडथळा आहे. तिथे अँप्लिफायर विकत घेऊ नका. तो गोंधळही तेवढाच वाढवतो.

अँटेना ईशान्येकडच्या खिडकीत उंचावर ठेवा, राउटर आणि एलईडी दिव्यांपासून दूर. एका वेळी १५ सेंटिमीटरच सरकवा, हात काढून बाजूला व्हा आणि दहा सेकंद थांबून आकडा पाहा. अंगाच्या जवळिकीनेही आकडा बदलतो. गुणवत्ता जिथे सर्वाधिक आणि स्थिर असेल, त्या जागेवर पेन्सिलीने खूण करून ठेवा.

बाकी सगळे नीट आणि फक्त ७ नंबर फुटतो? तो व्हीएचएफ या लांब लहरींच्या पट्ट्यावर येतो. चपट्या पानासारखा अँटेना तिथे कमी पडतो; दोन दांड्यांचा घ्या आणि प्रत्येक दांडी साधारण ४० सेंटिमीटर उघडून आडवी करा. जागा पक्की झाल्यावर चॅनेल्स पुन्हा स्कॅन करा.