मोबाइल चोरीला गेल्यावर पोलिसांकडे अर्ज कसा लिहावा आणि पोच कशी घ्यावी

मोबाइल चोरीला गेल्यावर पोलीस ठाण्यात दिला जाणारा अर्ज बहुतेक वेळा घाईत लिहिलेला असतो: “काल बसमध्ये माझा मोबाइल गेला, कृपया शोधून द्यावा.” यात तपासाला धरायला काहीच नसतं. शिवाय ‘गेला’ म्हणजे चोरीला गेला की हरवला, तेही कळत नाही. हा फरक महत्त्वाचा आहे. ‘गहाळ’ म्हणून नोंद झाली तर तुम्हाला वस्तू गहाळ झाल्याचा दाखला मिळतो. सिमकार्ड पुन्हा काढायला तो चालतो, पण त्यावर चोरीचा गुन्हा दाखल झालेला नसतो. फोन चोरला गेलाय याची तुमची खात्री असेल तर अर्जात ‘चोरी’ हाच शब्द लिहा, आणि खात्री कशावरून हेही लिहा. ‘गहाळ लिहा, लवकर काम होईल’ असं कुणी सुचवलं तरी शब्द बदलू नका. मात्र फोन खरोखरच कुठे विसरला असेल तर चोरी लिहू नका. खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे.

आधी घरी बसून गोळा करा

सर्वांत आधी दुसऱ्या फोनवरून सिम बंद करून घ्या, बँकेला कळवून यूपीआय थांबवा आणि ही दोन्ही कामं किती वाजता केली ते कागदावर टिपून ठेवा. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

मग आयएमईआय क्रमांक शोधा. हा 15 अंकी क्रमांक म्हणजे फोनची ओळख. फोन हातात असताना `*#06#` दाबलं की तो दिसतो, पण आता फोनच नाही. म्हणून खोक्यावरचं स्टिकर किंवा खरेदीचं बिल पाहा. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात, दोन्ही लिहा. लिहून झाल्यावर घरातल्या कुणाला तरी एकेक अंक मोठ्यानं वाचायला सांगून ताडून घ्या. एक अंक चुकला तरी तुमचा फोन शोधला जाणार नाही.

घटनाक्रम: दोन वेळा नक्की करा

अर्जाचा कणा इथे आहे. चोरी नेमकी कधी झाली हे सहसा आपल्याला माहीत नसतं, आणि तसं भासवायचीही गरज नाही. फोन हातात असल्याची शेवटची खात्रीची वेळ आणि तो नसल्याचं लक्षात आल्याची वेळ, या दोन वेळा पुराव्यासह द्या. चोरी त्यांच्यामध्ये कुठेतरी झाली आहे.

उदाहरण घेऊ. एक बाई संध्याकाळी स्वारगेटहून कात्रजच्या बसमध्ये चढल्या. तिकिटाचे पैसे त्यांनी यूपीआयनं दिले. बँकेच्या नोंदीत वेळ आहे 6.18. म्हणजे तोवर फोन हातात होता. नंतर तो पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवला, चेन लावली. 6.50 ला कात्रजला उतरल्यावर पाहतात तर चेन उघडी. शेजारच्या प्रवाशाच्या फोनवरून 6.52 ला रिंग गेली, कुणी उचलली नाही, 6.55 ला फोन बंद. लावलेली चेन उघडी सापडणं आणि वाजणारा फोन तीन मिनिटांत बंद होणं, यावरून हा फोन पडलेला नाही असं ठामपणे म्हणता येतं. तिकिटावर तारीख आणि वेळ असते, ते फेकू नका.

अर्जाचा नमुना

> प्रति,
> मा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक,
> ……… पोलीस ठाणे
>
> दिनांक: ………
>
> विषय: मोबाइल चोरीस गेल्याबाबत तक्रार व पोच मिळण्याबाबत
>
> महोदय,
>
> मी, ………, वय …, राहणार ………. दि. ……… रोजी सायं. 6.10 च्या सुमारास स्वारगेट येथून कात्रजकडे जाणाऱ्या बसमध्ये चढले. 6.18 वा. मोबाइलवरून तिकिटाचे पैसे दिले व मोबाइल पर्सच्या बाहेरील कप्प्यात ठेवून चेन लावली. बसमध्ये गर्दी होती. 6.50 वा. कात्रज येथे उतरल्यावर चेन उघडी व मोबाइल नसल्याचे लक्षात आले. 6.52 वा. सहप्रवाशाच्या फोनवरून कॉल केला असता रिंग वाजली, 6.55 वा. मोबाइल बंद आला. 7.20 वा. सिम बंद करून घेतले. 6.18 ते 6.50 च्या दरम्यान अज्ञात व्यक्तीने माझा मोबाइल चोरून नेला आहे.
>
> मोबाइलचा तपशील: कंपनी व मॉडेल ………, रंग ………, आयएमईआय 1) ……… 2) ………, मोबाइल क्रमांक ………, खरेदी दिनांक ………, किंमत रु. ……… खूण: मागील काचेस डाव्या कोपऱ्यात तडा.
>
> तरी गुन्हा दाखल करून तपास व्हावा, तसेच या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक व दिनांकासह पोच मिळावी, ही विनंती.
>
> सोबत: बिलाची प्रत, बस तिकीट, बँक नोंदीची प्रत, ओळखपत्राची प्रत
>
> आपली विश्वासू,
> (सही, नाव, संपर्कासाठी घरातील दुसरा क्रमांक)

संशय असेल तर ‘अमक्यानं चोरला’ असं लिहू नका. जे पाहिलं तेवढंच लिहा, उदाहरणार्थ ‘दारात एक इसम दोनदा अंगावर रेलला’. किंमत बिलाप्रमाणे द्या. भारतीय न्याय संहितेत 5,000 रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची चोरी आरोपीचा पहिलाच गुन्हा असेल तर वेगळी धरली जाते आणि ती अदखलपात्र, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत अशी, ठरू शकते, त्यामुळे किमतीचा रकाना रिकामा ठेवणं तुमच्याच तोट्याचं आहे.

ठाण्यात: पोच कशी घ्यायची

अर्जाच्या दोन प्रती न्या, दोन्हीवर मूळ सही करा. ठाणे अंमलदारांकडे एक प्रत द्या आणि दुसरीवर शिक्का मागा. शिक्क्यासोबत आवक क्रमांक, तारीख, घेणाऱ्याची सही आणि नाव किंवा बक्कल नंबर आहे ना, ते तिथेच उभं राहून पाहा. शिक्का पुसट उमटला तर पुन्हा मारून मागा. घरी आल्यावर लक्षात आलं तर पुन्हा खेप पडते.

पोच म्हणजे अर्ज मिळाल्याचा पुरावा. तो एफआयआर नव्हे. एफआयआर नोंदवला गेला तर त्याची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार. ‘हे आमच्या हद्दीत नाही’ असं उत्तर मिळालं तर याच कलमाचा आधार घ्या: 1 जुलै 2024 पासून दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न पाहता कोणत्याही ठाण्यात देता येते. धावत्या बसमधल्या चोरीत हा प्रश्न हमखास येतो. लोकलमधली चोरी असेल तर लोहमार्ग पोलिसांकडे जा.

गुन्हा नोंदवायला नकार मिळाला तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं पोलीस अधीक्षकांना, आयुक्तालय असलेल्या शहरात उपायुक्तांना पाठवा आणि पावती जपून ठेवा. तिथेही दाद मिळाली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

त्याच दिवशी फोन ब्लॉक करा

दूरसंचार विभागाच्या `ceir.gov.in` या संकेतस्थळावर `Block Stolen/Lost Mobile` हा पर्याय उघडा. तिथे आयएमईआय, चोरीची जागा आणि वेळ, पोलीस ठाणं आणि तक्रार क्रमांक भरावा लागतो, शिवाय तक्रारीची प्रत अपलोड करावी लागते. शिक्का आणि क्रमांक स्वच्छ वाचता येणं इथे कामी येतं. ओटीपीसाठी घरातल्याचा चालू क्रमांक द्या, कारण नव्यानं काढलेल्या सिमवर सुरुवातीला एसएमएस बंद असतात. शेवटी मिळणारा विनंती क्रमांक पोच असलेल्या प्रतीच्या मागेच लिहून ठेवा; फोन सापडल्यावर ब्लॉक काढायला तोच लागतो.