संक्रांतीचा व्हिडिओ करताय? या चुका टाळा

दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दोन-तीन जण तरी विचारतात, "अहो, संक्रांतीवर दहा मिनिटांचा व्हिडिओ करायचाय, काय काय घेऊ?" काय घ्यायचं ते सगळ्यांना ठाऊक असतं. तिळगूळ, काळी साडी, सुगडं, पतंग. घोळ होतो तो निवेदनातल्या एका वाक्यात, पाकाच्या कढईत आणि गच्चीवर. या तिन्ही ठिकाणी मी स्वतः तोंडघशी पडलोय, म्हणून हे जरा सविस्तर.

पहिलंच वाक्य चुकतं

"आजपासून सूर्याचं उत्तरायण सुरू होतं." माझ्या पहिल्या व्हिडिओची सुरुवात अशीच होती. खाली एका निवृत्त भूगोल शिक्षकांनी शांतपणे लिहिलं, "ते तीन आठवड्यांपूर्वीच सुरू झालं हो."

खरंच तसं आहे. सूर्य दक्षिणेकडे मकरवृत्तापर्यंत जाऊन परत फिरतो तो २१ किंवा २२ डिसेंबरला. वर्षातला सर्वांत लहान दिवसही तोच. संक्रांतीला सूर्य निरयन पद्धतीच्या मकर राशीत शिरतो, आणि ही रास ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेली असते. साधारण सतराशे वर्षांपूर्वी या दोन्ही गोष्टी एकाच सुमारास घडत. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अतिशय सावकाश डुलतो, त्यामुळे हा मेळ दर ७२ वर्षांना साधारण एक अंशाने सुटत गेला. आज हा फरक २४ अंशांच्या आसपास आहे. सूर्य दिवसाला जवळपास एक अंश सरकतो, म्हणून २१ डिसेंबरनंतर २४ दिवसांनी संक्रांत.

हा हिशोब व्हिडिओत सांगायची गरज नाही. "आज सूर्य मकर राशीत प्रवेश करतो" म्हणा, वाक्य बरोबर होतं. उत्तरायणाचा उल्लेख हवाच असेल, तर "उत्तरायणाचा सण" असं म्हणता येतं. परंपरेने तो तसाच मानलाय. फक्त "आजपासून" हा शब्द काढा.

याच्याच पाठोपाठ येणारी चूक म्हणजे "आता सूर्य लवकर उगवू लागतो." दिवस तिळातिळाने वाढतो हे खरं, पण तो वाढतो संध्याकाळच्या बाजूने. मुंबईत वर्षातला सर्वांत उशिराचा सूर्योदय नेमका जानेवारीच्या मध्यावर असतो, सव्वासातच्या सुमारास. एकदा सूर्योदय टिपायला मी साडेसहालाच गच्चीवर जाऊन पाऊण तास कुडकुडत बसलो होतो. कॅमेऱ्याची बॅटरीही बसली. सातला वर जा, पुरे.

तारखेचंही जपून. २०२५ आणि २०२६ साली संक्रांत १४ जानेवारीला होती, २०२४ साली १५ला, आणि २०२७ साली पुन्हा १५ला आहे. टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत तर ती १० जानेवारीलाच होऊन जाते. निवेदनात तारीख बोललात, तर पुढच्या वर्षी तोच व्हिडिओ चुकीचा ठरतो. तारीख वर्णनात लिहा, ती बदलता येते.

आणि एक विनंती. "पानिपतावर १४ जानेवारी १७६१ला, ऐन संक्रांतीच्या दिवशी…" हे वाक्य घेऊ नका. लढाईची तारीख बरोबर आहे, पण वर सांगितलेल्या सरकण्यामुळे त्या काळी संक्रांत ९-१० जानेवारीच्या आसपास यायची. पडताळा हवा असेल तर स्वामी विवेकानंदांचा जन्म बघा: १२ जानेवारी १८६३, आणि तो दिवस मकरसंक्रांतीचा होता. त्याच्याही शंभर वर्षं आधी ती १४ला कशी असेल? त्या दिवशी मराठ्यांवर संक्रांत कोसळली ती वाक्प्रचारातली.

पाक कॅमेऱ्यासाठी थांबत नाही

तिळगुळाचा भाग सगळ्यांत जास्त बघितला जातो आणि सगळ्यांत जास्त बिघडतो. माझी पहिली खेप सांगतो. मावशीच्या स्वयंपाकघरात पाव किलो तीळ, पाव किलो चिक्कीचा गूळ, वाटीभर दाण्याचा कूट, चमचाभर तूप आणि वेलची. तीळ भाजले, गूळ वितळला, फेस आला. मावशी म्हणाली, "झालाय रे पाक." मी म्हटलं, "एक मिनिट, जरा जवळून घेतो." तेवढ्यात फोकस हुकला, मग पुन्हा घेतला. त्या मिनिटात पाक पुढे गेला. लाडू वळले गेले खरे, पण संध्याकाळी ते फोडायला बत्ता लागला.

पाकाची परीक्षा वाटीभर गार पाण्यात होते. थेंब टाकल्यावर मऊ गोळी झाली, बोटांनी दाबता आली, तर वडीसाठी पाक अजून कच्चा आहे. अशा पाकाची वडी चिकट राहते, दाताला ओढ देते. गोळी कडक होऊन ताटलीवर टाकताना टक् वाजली की गॅस बंद. दोन्हींमध्ये अंतर अगदी थोडं असतं. त्यामुळे क्रम असा ठेवा: तीळ, कूट, वेलची आधी एका ताटात तयार, ताटाला तुपाचा हात लावलेला, फोन स्टँडवर, फोकस आणि उजेड आधीच पक्का केलेला. गूळ कढईत पडल्यावर कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. जवळचे शॉट हवे असतील तर पाव-पाव किलोचे दोन घाणे करा. एक पूर्ण लांबून, दुसरा फक्त जवळून. संकलनात ते बेमालूम जुळतात.

मिश्रण कढईतच आळलं आणि लाडू वळेनासे झाले तर घाबरू नका. कढई पुन्हा अगदी मंद आचेवर अर्धा मिनिट ठेवा, सैल होतं. पाकच पुढे गेलेला असेल तर मात्र हा उपाय चालत नाही. मग मिश्रण पाटावर लाटून त्याची पातळ चिक्की करायची आणि व्हिडिओत चिक्कीच ठरलेली होती असं दाखवायचं. मी केलंय.

साध्या गुळावर चिक्कीच्या गुळाची कृती सांगू नका. साध्या गुळाचा लाडू मऊच होतो, तो चांगलाही लागतो, पण त्याला टक् वाजणारा पाक करायला गेलात तर करपट वास येतो. प्रेक्षक घरात जो गूळ असेल तो घेतो, म्हणून कुठला गूळ हे तोंडाने सांगा आणि ढेपही दाखवा.

एक तांत्रिक अडचण याच भागात येते. काळी चंद्रकळा नेसलेली वहिनी आणि तिच्या हातातले पांढरे तीळ किंवा हलवा. फोन काळा रंग बघून उजेड वाढवतो; साडी राखाडी दिसते आणि हलव्याचा काटा पूर्ण नाहीसा होतो. स्क्रीनवर हलव्यावर बोट दाबून धरा, AE/AF LOCK असं दिसलं की उजेडाची खूण थोडी खाली ओढा. साडी पुन्हा काळी होते आणि काटा दिसतो. हलव्याच्या दागिन्यांसाठी तर हे हवंच, कारण काटा दिसला नाही तर ते दागिने थर्माकोलचे वाटतात.

"घ्या" आणि "घे"

छोटी गोष्ट, पण ऐकणाऱ्याला लगेच खटकते. नातवाने आजीला तिळगूळ देताना "तिळगूळ घे, गोड बोल" म्हणायचं नसतं. ते आजीने नातवाला म्हणायचं. नातू म्हणतो, "तिळगूळ घ्या, गोड बोला," आणि वाकून नमस्कार करतो. ज्या घरात आजीला "अगं आजी" म्हणतात तिथेही या एका वाक्यात बहुतेक वेळा "घ्या"च येतं. मुलांकडून वाक्य पाठ करून घेऊ नका, चौथ्या वेळी ती शाळेतल्या स्नेहसंमेलनासारखं बोलतात. खरोखर लाडू द्या आणि कॅमेरा चालू ठेवा.

मथळ्यात "तीळगुळ" लिहिलं जातं. शब्द "तिळगूळ" असा आहे. काही संकलन सॉफ्टवेअरमध्ये "संक्रांत" फुटतो, पाय मोडून क् सुटा दिसतो आणि "ति"ची वेलांटी त च्या पुढे जाते. तेव्हा फाँट बदलत बसू नका, दोष बहुधा अक्षरजुळणीच्या सेटिंगचा असतो. Premiere Pro मध्ये प्राधान्यांच्या Graphics भागात South Asian and Middle Eastern हा पर्याय निवडला की नव्याने टाकलेली अक्षरं नीट बसतात.

पतंग: आकाशाकडे कमी बघा

निळ्या आकाशात एवढासा पतंग फोनला सापडत नाही, तो फोकस शोधत राहतो आणि चित्र श्वास घेतल्यासारखं आतबाहेर होतं. समोरच्या लांबच्या इमारतीवर फोकस पक्का करा, मग फोन वर न्या. झूम करू नका. खरं चित्र हातांत असतं: ढील देताना सुटणारा दोरा, बोटांवरची चिकटपट्टी, मान वर करून बघणारी पोरं. सकाळी नऊच्या सुमाराला किंवा चारनंतर सूर्य तुमच्या पाठीशी ठेवा, नाहीतर सगळे चेहरे काळे पडतात.

जागा कुठली आहे त्याचा आवाजही तिथलाच ठेवा. येवल्यात संक्रांतीला तीन दिवस पतंग चालतो, दोरा गुंडाळायला तिथे आसारी असते. येवल्याच्या दृश्यांवर कोणी गुजरातीतली "काय पो छे"ची आरोळी चिकटवली, की तिथला माणूस तिथेच व्हिडिओ बंद करतो. आणि उलटंही लक्षात घ्या: महाराष्ट्रातल्या पुष्कळ गावांत संक्रांतीला पतंग नसतोच. तिथे सुगडांचं वाण, हळदीकुंकू आणि बोरनहाण हाच सण आहे. अशा गावच्या व्हिडिओत पतंग घुसडायची गरज नाही.

नायलॉन मांजा चुकूनही दाखवू नका. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली त्यावर देशभर बंदी घातली आहे. तो तुटत नाही, झाडात अडकून महिनोन्‌महिने राहतो आणि पक्ष्यांचे पंख व दुचाकीस्वारांचे गळे चिरतो. दुकानात चकरी घेताना दोरा ओढून बघा: सुती दोरा तुटतो, नायलॉन ताणला जातो. जळवला तर सुताची राख होते, नायलॉन वितळून गोळी होते. ड्रोन त्या दिवशी घरीच ठेवा, मांजात अडकला तर खाली माणसं असतात. आणि पतंग उडवणाऱ्याला "जरा मागे सरक" असं सांगू नका. तो वर बघत असतो, त्याच्या मागे कठडा असतो.

एवढं करूनही काही राहिलंच, तर पतंग गेला म्हणून समजा. हळदीकुंकू आणि बोरनहाण मात्र रथसप्तमीपर्यंत चालतं. माझ्या गेल्या वर्षीच्या व्हिडिओतलं बोरनहाण संक्रांतीनंतर आठ दिवसांनी, शेजारच्या बाळाचं चित्रित केलंय. बोरं, उसाचे करवे, चुरमुरे आणि हलवा डोक्यावरून पडताना ते हसेल असं वाटलं होतं. ते रडलं, आणि तेच ठेवलं.